बारावर आलेला काटा आणि साठ अंशांची चूक

एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात मी विद्युत विभागाचा शिफ्ट इंजिनिअर होतो, तेव्हाचा हा अनुभव आहे. आमचा संच १५ मेगावॉटचा होता. बगॅसवर चालणारा बॉयलर, त्याच्या वाफेवर सात हजारांच्या आसपास फेऱ्यांनी फिरणारे टर्बाइन, मध्ये गिअरबॉक्स आणि त्याच्या पलीकडे १५०० फेऱ्यांनी फिरणारा चार पोलचा अल्टरनेटर, अशी त्याची रचना होती. अल्टरनेटर ११ केव्हीचा होता आणि त्याचा ब्रेकर ११ केव्हीच्या बसबारवर, म्हणजे सगळ्या जोडण्या जिथे एकत्र येतात त्या पट्ट्यांवर, येत होता. हाच बसबार २० एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमार्गे ग्रिडला जोडलेला असल्यामुळे संच बंद असतानाही बसबार जिवंत असे आणि पंप, पंखे, दिवे ग्रिडच्या विजेवर चालत. हंगामाच्या सुरुवातीला आधी ग्रिडची वीज घेऊन बॉयलर पेटवायचा, मग टर्बाइन फिरवायचे आणि शेवटी अल्टरनेटर त्या जिवंत बसबारशी जोडायचा, असा आमचा नेहमीचा क्रम होता.

त्या वर्षी ऑफ सीझनमध्ये बसबारचा पीटी, म्हणजे ११ केव्हीचे ११० व्होल्ट करून मीटर आणि रिलेंना देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, बदलण्यात आला होता. जुन्याचे इन्सुलेशन खराब झाले होते. नवा पीटी त्याच ट्रॉलीत बसला, ट्रॉली आत सरकवली, बसबार चार्ज केला, आणि व्होल्टमीटरवर तिन्ही फेजांत ११ केव्ही दिसले. काम पूर्ण झाल्याची नोंद रजिस्टरमध्ये झाली. ती नोंद वाचून मी सही केली होती, आणि पुढच्या सगळ्या प्रकाराचे मूळ त्या पानावरच होते.

पहिल्या सिंक्रोनायझेशनचा, म्हणजे अल्टरनेटर जिवंत बसबारशी जोडण्याचा, दिवस उजाडला. टर्बाइन सकाळपासून मंद गतीवर गरम होत होते. दुपारी ते पूर्ण गतीवर आले, एक्सायटेशन, म्हणजे रोटरच्या वाइंडिंगला डीसी करंट, दिले, आणि अल्टरनेटरचे व्होल्टेज सावकाश चढत ११ केव्हीवर स्थिर झाले. उपकेंद्राशी फोनवर बोलून परवानगी घेतली. पॅनलपुढे माझ्यासोबत आमचे सर्वांत जुने ऑपरेटर होते. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणत असे, मीही म्हणत असे. त्यांनी शेकडो वेळा संच सिंक केला होता, आणि ब्रेकरचा स्विच त्यांच्याच हातात होता.

अल्टरनेटर ग्रिडला जोडण्यापूर्वी चार गोष्टी जुळाव्या लागतात, हे प्रत्येक वायरमनला पाठ असते: दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे हवे, फ्रिक्वेन्सी सारखी हवी, फेज सीक्वेन्स, म्हणजे तीन फेजांचा क्रम, एकच हवा आणि दोन्हीकडच्या लहरी त्या क्षणी एकमेकींवर बसलेल्या हव्यात, म्हणजेच त्यांच्यातला फेज अँगल शून्याजवळ हवा. पण या चार अटी एका तोलाच्या नाहीत. व्होल्टेजमध्ये थोडा फरक राहिला, तर जोडणीच्या क्षणी दोन्ही बाजूंमध्ये केवळ रिअ‍ॅक्टिव्ह करंट वाहतो. तो वाइंडिंगला थोडा ताण देतो, पण शाफ्टला जवळपास पिळत नाही. फ्रिक्वेन्सीत थोडा फरक असेल, तर ग्रिड रोटरला ओढून स्वतःच्या गतीवर आणते आणि तेवढ्यापुरता धक्का बसतो. फेज अँगल चुकला, तर मात्र ग्रिड रोटरला एका झटक्यात जागच्या जागी फिरवून बरोबर कोनावर आणू पाहते, आणि त्या झटक्याचा सगळा भार शाफ्ट, कपलिंग आणि गिअरच्या दातांवर येतो. उरलेली अट, फेज सीक्वेन्सची, ही संच उभारताना एकदा तपासली की पुन्हा कोणी तिच्याकडे पाहत नाही, कारण तारांना हात लावल्याशिवाय ती बदलूच शकत नाही. आमच्याकडे तारांना हात लागला होता.

त्या दिवशी ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९७ होती. मामांनी गव्हर्नरने आमची फ्रिक्वेन्सी ५०.०३ वर आणली. संच किंचित वेगाने फिरत असताना जोडावा, असा प्रघात आहे आणि त्याला कारणही आहे. जोडल्यावर तो लगेच थोडा भार उचलतो. मंद असताना जोडला, तर ग्रिडच त्याला मोटरसारखा फिरवू लागते आणि रिव्हर्स पॉवर रिले त्याला पुन्हा बाहेर काढण्याची शक्यता असते. व्होल्टेजही याच विचाराने बसबारपेक्षा थोडे जास्त ठेवतात. बसबारवर ११.१ होते, आम्ही ११.२ ठेवले. ०.०६ हर्ट्झच्या फरकामुळे सिंक्रोस्कोपचा, म्हणजे दोन्हीकडच्या लहरींतला कोन घड्याळासारख्या तबकडीवर दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटा घड्याळाच्या दिशेने सोळा-सतरा सेकंदांत एक फेरी घेत होता, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २२ अंश. मामांनी तीन फेऱ्या नुसत्या पाहिल्या. काटा मध्येच अडखळत नाही ना, उलट फिरत नाही ना, हे पाहण्याची त्यांची ती सवय होती. चौथ्या फेरीत काटा बाराच्या थोडा अलीकडे असताना त्यांनी स्विच फिरवला. ब्रेकरला आदेश मिळाल्यापासून त्याचे कॉन्टॅक्ट जुळेपर्यंत साधारण ७० मिलिसेकंद जातात आणि त्या वेळात काटा दीड अंश पुढे सरकतो. हाताला लागणारा वेळ त्याहून मोठा असतो, म्हणून जाणता ऑपरेटर काटा बारावर येण्याची वाट पाहत नाही. सिंक-चेक रिलेचा हिरवा दिवा लागलेला होता. हा रिले कोन दहा अंशांच्या आत असल्याशिवाय ब्रेकरला बंद होऊच देत नाही.

ब्रेकर बंद झाला आणि जमिनीतून एक आवाज आला. तो स्फोटाचा आवाज नव्हता. एखादी भरलेली मालगाडी अचानक ब्रेक लागून थांबावी, तसा तो खोल आणि जड होता. नियंत्रण कक्षातले दिवे मंद झाले आणि पुन्हा उजळले. अँपिअरचे तिन्ही काटे टोकाला जाऊन आपटले, किलोवॉटचा काटा आधी वरच्या टोकाला गेला, मग शून्याच्या खाली, मग पुन्हा वर, आणि हे हेलकावे चालू असतानाच दोनेक सेकंदांत व्हायब्रेशनच्या ट्रिपने टर्बाइन बंद झाले आणि ब्रेकर उघडला. मामांचा हात अजून स्विचवरच होता. ते एवढेच म्हणाले, “साहेब, काटा बारावरच होता.” मी स्वतः पाहिले होते. काटा बारावरच होता.

आम्ही संच थंड होऊ दिला आणि रिलेची नोंद काढली. पहिल्या काही आवर्तनांत करंट सुमारे ३४०० अँपिअर दिसत होता. आमच्या अल्टरनेटरचा पूर्ण भाराचा करंट ९८४ अँपिअर आहे, म्हणजे साडेतीन पटींच्या आसपास. त्या संध्याकाळी झालेल्या बैठकीत टर्बाइनच्या देखभालीचे काम पाहणारे एक वरिष्ठ म्हणाले, “साडेतीन पट म्हणजे फार नाही. साधी मोटर सुरू होतानाही सहा पट घेते. उद्या सकाळी पुन्हा फिरवू.” गाळप सुरू व्हायला चार दिवस राहिले होते आणि गाडीतळावर ऊस येऊ लागला होता, त्यामुळे त्यांचे म्हणणे सगळ्यांना हवेहवेसे वाटले. मला ते पटले नाही, आणि का पटले नाही हे मी त्या रात्री कागदावर मांडले. ते इथे सविस्तर सांगतो, कारण फेज अँगलच्या चुकीविषयी जो गैरसमज मला वारंवार भेटला आहे, तो हाच.

ब्रेकर उघडा असताना त्याच्या दोन टोकांमध्ये जे व्होल्टेज असते, ते दोन्हीकडच्या लहरींतल्या कोनावर ठरते. दोन्ही व्होल्टेज सारखी धरली, तर हिशेब सोपा आहे:

ΔV = 2V sin(δ/2)

कोन शून्य असेल तर हा फरक शून्य. दहा अंशांना तो पूर्ण व्होल्टेजच्या १७ टक्के, तीस अंशांना सुमारे ५२ टक्के, आणि साठ अंशांना बरोबर १०० टक्के, म्हणजे ब्रेकरच्या दोन टोकांत पूर्ण व्होल्टेज उभे असते. १८० अंशांना ते दुप्पट होते. ब्रेकर बंद झाला की हे व्होल्टेज अल्टरनेटरच्या सबट्रान्झिएंट, म्हणजे पहिल्या क्षणी करंटला अडवणाऱ्या, रिअ‍ॅक्टन्समधून, ट्रान्सफॉर्मरमधून आणि ग्रिडमधून करंट ढकलते. आमच्या अल्टरनेटरचा हा रिअ‍ॅक्टन्स ०.१६ पर युनिट, म्हणजे पूर्ण व्होल्टेज आणि पूर्ण भाराचा करंट एक-एक धरून मोजलेला, होता. ट्रान्सफॉर्मर आणि ग्रिड मिळून त्यात साधारण ०.१२ ची भर पडत होती. एकूण ०.२८. एकाला ०.२८ ने भागले की ३.५७ येते, आणि ९८४ अँपिअरचे ३.५७ पट म्हणजे ३५१० अँपिअर. रिलेने दाखवलेल्या आकड्याशी हे इतके जुळत होते, की कारण अजून सापडले नसतानाही आमचा ब्रेकर साठ अंशांच्या आसपास बंद झाला, हे मला त्या रात्रीच कळले.

आता टॉर्कचा हिशेब. अल्टरनेटरच्या टर्मिनलवर तिन्ही फेज एकत्र शॉर्ट झाले, तर करंट एक भागिले ०.१६, म्हणजे सव्वासहा पट होतो, आणि रोटरवर येणाऱ्या धडधडत्या टॉर्कचे शिखरही ढोबळमानाने सव्वासहा पट असते. यंत्र बनवणारे या शॉर्ट सर्किटला टिकेल अशा बेताने वाइंडिंगची बांधणी आणि शाफ्ट ठरवतात. पण शॉर्ट सर्किटमध्ये पलीकडे ढकलणारा कोणी नसतो. चुकीच्या कोनावर जोडताना पलीकडे जिवंत ग्रिड उभे असते, त्यामुळे आवर्तनागणिक वरखाली होणाऱ्या टॉर्कबरोबर रोटरला एकाच दिशेने दाबणारा टॉर्कही येतो आणि दोघांची बेरीज होते. साठ अंशांसाठी ती बेरीज ०.८७ अधिक १, म्हणजे १.८७ येते. तिला ०.२८ ने भागले की सुमारे ६.७. थोडक्यात, करंट शॉर्ट सर्किटच्या निम्म्याहून थोडा जास्त असतानाही टॉर्कचे शिखर शॉर्ट सर्किटपेक्षा वर गेले होते. हाच हिशेब १८० अंशांना केला, तर करंट सर्वांत जास्त असूनही टॉर्क ७.१ पट येतो, आणि १२० अंशांना करंट कमी असून टॉर्क ९.३ पट. शाफ्टसाठी सर्वांत वाईट कोन १८० नव्हे, १२० च्या आसपासचा असतो. वाइंडिंगचे बंध मात्र करंटच्या वर्गानुसार खेचले जातात, म्हणून त्यांच्यासाठी १८० वाईट. मोटर सुरू होताना सहा पट करंट घेते हे खरे, पण तिचा टॉर्क त्या वेळी सहा पट नसतो, आणि म्हणून ती तुलना इथे लागूच होत नाही.

हा सगळा हिशेब अल्टरनेटरच्या रोटर आणि स्टेटरमधल्या फटीतल्या टॉर्कचा आहे. त्यातला किती भाग कपलिंगमधून जातो, हे दोन्ही बाजूंच्या फिरत्या वस्तुमानांवर आणि शाफ्टच्या स्वतःच्या पिळवटीच्या लयीवर ठरते, आणि ते हाताने काढता येत नाही. पण सात हजार फेऱ्यांचे टर्बाइन आणि १५०० फेऱ्यांचा अल्टरनेटर यांच्यामध्ये गिअरबॉक्स असताना आपल्या वाट्याला कमीच आले असेल, असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटले. दुसऱ्या दिवशी मी हा कागद मुख्य अभियंत्यांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कपलिंग उघडायला सांगितले.

गिअरबॉक्स आणि अल्टरनेटर यांच्यामधल्या कपलिंगचे दोन बोल्ट काढताना हाताला जड लागले. बाहेर काढल्यावर त्यांच्या दांड्यावर, जिथे दोन फ्लँज एकमेकींना टेकतात बरोबर त्या ठिकाणी, एक बारीक पायरी दिसली. बोट फिरवले तर नखाला अडकत होती. बोल्ट तिथे कातरले जाऊ लागले होते. अलाइनमेंटही मुळात होती तिथून सरकलेली निघाली. गिअरबॉक्सचे दात डाय पेनिट्रंटने तपासले, त्यात तडा नव्हता. अल्टरनेटरच्या बाजूची झाकणे काढली, तेव्हा एंड वाइंडिंगच्या वेटोळ्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या गाठींपैकी दोन ठिकाणच्या गाठी तडकलेल्या होत्या आणि तिथे इन्सुलेशनवर पांढरट भुकटी होती. वाइंडिंग त्या जागी हलले होते. मेगरचे आकडे मात्र उत्तम होते. मेगर इन्सुलेशनमधून होणारी गळती दाखवतो, सुटलेली गाठ दाखवत नाही, आणि नुसता मेगर मारून संच सुरू केला असता, तर त्या गाठी हंगामभर घासत राहिल्या असत्या.

दुरुस्ती नऊ दिवस चालली. गाळप ग्रिडच्या विजेवर आणि कमी क्षमतेने सुरू करावे लागले. त्या नऊ दिवसांत माझे काम होते, ते साठ अंश कुठून आले हे शोधण्याचे.

शोध लांबला नाही, कारण साठ हा आकडाच वाट दाखवत होता. तीन फेजांत तारा एकेक घर पुढे सरकल्या, तर १२० अंशांची चूक येते. सिंक्रोस्कोपच्या एका बाजूच्या दोनच तारा उलट झाल्या, तर १८० येते. एक पीटी ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या बाजूला आणि दुसरा ११ केव्हीच्या बाजूला असेल आणि स्टार-डेल्टाचा फरक भरून काढला नसेल, तर ३० येते. आमचे दोन्ही पीटी ११ केव्हीवरच होते, तेव्हा ३० चा प्रश्न नव्हता. साठ अंश मिळतात ते बहुधा आर, वाय, बी या तीन फेजांपैकी एका बाजूच्या बी तारेची आर किंवा वाय तारेशी अदलाबदल होऊन. सिंक्रोस्कोप आर आणि वाय या दोन फेजांमधले व्होल्टेज पाहतो. बसबारच्या बाजूने त्याला आर-वाय म्हणून प्रत्यक्षात बी-वाय मिळत असेल, तर ते खऱ्या आर-वायच्या साठ अंश पुढे असते. काटा बारावर आला म्हणजे अल्टरनेटर त्या खोट्या आर-वायशी जुळला, आणि खऱ्या ग्रिडच्या साठ अंश पुढे राहिला. किलोवॉटचा काटा पहिल्यांदा वरच्या टोकाला का गेला, तेही यावरून समजले. पुढे असलेल्या रोटरला ग्रिडने मागे खेचले आणि तेवढी ऊर्जा बाहेर पडली.

बसबार ग्रिडवर जिवंत होताच. मी बसबारच्या पीटीच्या सेकंडरीला फेज सीक्वेन्स मीटर लावला. चकती उलटी फिरली. अल्टरनेटर उभारतानाच्या जुन्या नोंदीत त्याच टर्मिनलवर ती सुलटी होती. एवढी एक मिनिटाची तपासणी पीटी बदलल्याच्या दिवशी झाली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. मग इतर उपकरणांनी ही चूक का पकडली नाही, हा प्रश्न मला सर्वांनी विचारला. व्होल्टमीटर फक्त किती व्होल्ट ते पाहतो, आणि अदलाबदलीने व्होल्ट बदलत नाहीत. त्या पीटीवरचा अंडरव्होल्टेज रिलेही तेवढेच पाहतो. वीज मोजण्याचे मीटर दुसऱ्या पीटीवर होते. राहिले सिंक्रोस्कोप, दोन्हीकडच्या फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेजचे जोड-मीटर, आणि सिंक-चेक रिले. ही तिन्ही उपकरणे त्याच दोन पीटींवर जगतात. हिरवा दिवा आणि बारावरचा काटा या आम्हाला दोन स्वतंत्र साक्षी वाटत होत्या. प्रत्यक्षात ती एकाच साक्षीदाराची दोनदा ऐकलेली जबानी होती.

सीक्वेन्स उलटा आहे एवढ्यावर तारा बदलून मोकळे होता आले असते, पण मला चूक नेमकी जशी आहे तशी मोजून पाहायची होती, कारण सीक्वेन्स उलटा होण्याचे तीन प्रकार असतात आणि आर-बी हा त्यांपैकी एकच. अल्टरनेटरला ब्रेकरशी जोडणाऱ्या लिंका चाचण्यांसाठी सोडलेल्याच होत्या. एका दुपारी बसबारचा शटडाऊन मिळाला. ग्रिडकडचा आणि इतर सगळे ब्रेकर बाहेर ओढून, कुलपे लावून, आम्ही अल्टरनेटरचा ब्रेकर बंद केला, म्हणजे अल्टरनेटरच्या बाजूचा पीटी आणि बसबारचा पीटी एकाच तांब्यावर आले. मग त्या ११ केव्हीच्या बसबारवर साधा ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा दिला. पीटीचे गुणोत्तर शंभराला एक, त्यामुळे सेकंडरीला ४.१५ व्होल्ट मिळणार. दोन्ही पीटींचे स्टार पॉइंट अर्थ केलेले असल्यामुळे एकाच्या आर आणि दुसऱ्याच्या आर यांच्यामध्ये मल्टिमीटर थेट धरता येतो. तारा बरोबर असतील, तर आर-आर, वाय-वाय आणि बी-बी या तिन्ही ठिकाणी शून्य दिसायला हवे. आम्हाला आर-आरवर ४.१ व्होल्ट मिळाले, वाय-वायवर शून्य आणि बी-बीवर पुन्हा ४.१. मामा मल्टिमीटरचा प्रोब धरून होते. त्यांनी वाय-वायचे शून्य दोनदा तपासले आणि म्हणाले, “वाय तेवढा खरा आहे, बाकी दोघांनी घरं बदललीत.”

ट्रॉलीच्या सेकंडरी प्लगमध्ये तारा उघडून पाहिल्या. नव्या पीटीबरोबर आलेल्या जोडतारांवर फेरूल, म्हणजे तारेची ओळख सांगणारी खूण, नव्हते, आणि लावणाऱ्याने त्या टर्मिनलच्या क्रमाने लावल्या होत्या. नव्या पीटीचा टर्मिनलचा क्रम जुन्याच्या उलट बाजूने होता. यात कोणाच्या हलगर्जीपणापेक्षा, पीटी बदलल्यावर काय तपासायचे हे आमच्या कुठल्याच कागदावर लिहिलेले नसणे मला जास्त बोचले. तारा बदलल्या, फेरूल घातले, ४१५ व्होल्ट पुन्हा दिले. तिन्ही ठिकाणी शून्य.

यानंतरही एक तपासणी उरली होती, आणि माझ्या मते पीटी, त्याच्या तारा, सिंक्रोस्कोप किंवा सिंक-चेक रिले यांपैकी कशालाही हात लागला असेल, तर तिच्याशिवाय ग्रिडशी जोडणीचा विचारही करू नये. चार-दोन व्होल्टांवर सिंक्रोस्कोप चालत नाही, म्हणून मल्टिमीटरची चाचणी पीटीच्या तारांपुरतीच खरी असते; तिथून पॅनलपर्यंतच्या आणि खुद्द सिंक्रोस्कोपच्या जोडणीची खात्री ती देत नाही. संच दुरुस्त होऊन पूर्ण गतीवर आला, तेव्हा आम्ही ग्रिडकडचा ब्रेकर बाहेर ओढून बसबार पूर्ण मृत केला. कारखाना तासभर डिझेल जनरेटरच्या आवश्यक पुरवठ्यावर ठेवला. टर्बाइनचा तेलपंप त्यावरच होता. मग अल्टरनेटरचे व्होल्टेज शून्यावर असताना त्याचा ब्रेकर डेड बसची चावी फिरवून मृत बसबारवर बंद केला आणि एक्सायटेशन सावकाश वाढवत ११ केव्ही केले. आता दोन्ही पीटींना एकच अल्टरनेटर दिसत होता. त्यांच्यात कोनाचा फरक असणे शक्यच नव्हते, म्हणून काटा बारावर येऊन तिथेच थांबायला हवा होता. सिंक्रोस्कोप चालू केला. काटा वर आला, किंचित थरथरला आणि बारावर उभा राहिला. जुन्या तारांवर हीच चाचणी केली असती, तर तो इतक्याच शांतपणे दहावर उभा राहिला असता, आणि पाहणाऱ्याला एका नजरेत सगळे कळले असते.

त्यानंतर एक्सायटेशन काढले, ब्रेकर उघडला, ग्रिड परत घेतले. उपकेंद्राला फोन झाला. या वेळी ग्रिडची फ्रिक्वेन्सी थोडी वर-खाली होत होती, त्यामुळे काटा कधी पंधरा सेकंदांत फिरे, कधी वीस. मामांनी गव्हर्नरला दोनदा हात लावला, आणि काट्याची चाल एकसारखी होईपर्यंत थांबले. मी त्यांना घाई केली नाही. सहाव्या की सातव्या फेरीत काटा बाराच्या अलीकडे आला आणि त्यांनी स्विच फिरवला. ब्रेकरचा खटका ऐकू आला, काटा बारावर थांबला, आणि बाकी काहीच ऐकू आले नाही. अँपिअरचे काटे थोडे हलले. दहा अंशांची चूक असती, तरी ६०० अँपिअरचा हिसका दिसला असता. इथे तेवढेही नव्हते. मामांनी एक मेगावॉट भार घेतला, तापमाने पाहिली आणि लॉगबुकात वेळ लिहिली.

त्याच लॉगबुकाच्या पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला तेव्हापासून एक कागद चिकटवलेला आहे. पीटी किंवा त्याच्या तारा बदलल्या असतील, तर फेज सीक्वेन्स दोन्ही पीटींवर मोजून लिहायचा, आणि डेड बसवर एकाच अल्टरनेटरवरून काटा बारावर उभा राहिल्याचे दोघांनी पाहून सही करायची. पहिली सही मामांची आहे, त्याखाली माझी.